एक रेघ, तीन अर्थ : अस्पष्ट छायाचित्रातील समीकरणाचे वाचन आणि त्यामागील इतिहास

प्रस्तावना

जुन्या गणितग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यास आज मूळ प्रत क्वचितच हाताळावयास मिळते. बहुतेक वेळा हाती येते ते कोणीतरी घाईने घेतलेले एखाद्या पानाचे छायाचित्र. मजकुरातील एखादे अक्षर अस्पष्ट असले तर शब्दाच्या आणि वाक्याच्या आधाराने ते ओळखता येते. समीकरणातील आडवी रेघ अस्पष्ट असली तर असा आधार सहजासहजी मिळत नाही. तीच रेघ वजाबाकीचे चिन्ह असू शकते, दोन शब्दांना किंवा क्रमांकाला जोडणारे संयोगचिन्ह असू शकते, अथवा अंश आणि छेद यांच्यामधील अपूर्णांकाची रेघ असू शकते. प्रत्येक वाचनातून वेगळे समीकरण तयार होते आणि अडचण अशी की ती सर्व समीकरणे सुटतात. म्हणून रेघेचा निर्णय समीकरण सोडविण्यापूर्वीच करावा लागतो. हा निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा, आणि या तीन चिन्हांना एकच रूप कसे प्राप्त झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. तीन वाटांनी आलेली एक रेघ

प्राचीन भारतीय गणितात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. अपूर्णांक लिहिताना अंश वर आणि छेद खाली मांडीत. दोहोंमध्ये रेघ नसे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात ऋण राशीवर बिंदू देण्याची पद्धत सांगितली आहे. बख्शाली हस्तलिखितात तर ऋण राशीनंतर जे चिन्ह येते ते आजच्या अधिकचिन्हासारखे दिसते. म्हणजे ऋणत्व आणि भागाकार यांची चिन्हे येथे एकमेकांपासून पूर्णतः वेगळी होती.

अपूर्णांकाची आडवी रेघ बाराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील अरबी गणितज्ञ अल-हस्सार यांच्या लेखनात आढळते. फिबोनाची यांच्या १२०२ मधील 'लिबेर अबाची' या ग्रंथाने ती युरोपात परिचित केली. वजाबाकीची रेघ मात्र स्वतंत्रपणे जन्मास आली. १४८९ मध्ये लाइपझिग येथे छापलेल्या योहानेस विडमान यांच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात ती प्रथम मुद्रित स्वरूपात दिसते. त्यानंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या लुका पाचोली यांच्या ग्रंथात वजाबाकीसाठी अजून 'm' या अक्षरावर रेघ दिलेली आढळते. संयोगचिन्हाचा गणिताशी काहीच संबंध नव्हता. ते लेखनिकांकडून मुद्रकांकडे आले. गुटेनबर्ग यांच्या बेचाळीस ओळींच्या बायबलमध्ये ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दर्शविण्यासाठी दोन तिरप्या रेघा दिलेल्या आहेत.

छापखान्यात खिळे जुळविताना या तिन्ही रेघा वेगवेगळ्या होत्या. संयोगचिन्हाचा खिळा आखूड, वजाबाकीचा त्याहून लांब, आणि अपूर्णांकाची रेघ अंश-छेदांच्या रुंदीप्रमाणे कमीअधिक. त्यांची सरमिसळ झाली ती टंकलेखन यंत्रावर, कारण तेथे एकाच कळीने संयोगचिन्हाचे आणि वजाबाकीचे काम भागविले जाई. १९६३ च्या 'आस्की' संकेतप्रणालीनेही दोहोंना एकच जागा दिली. पुढे युनिकोडने वजाबाकीसाठी U+2212 हा स्वतंत्र संकेत दिला, तरी जुनी दुहेरी खूण U+002D या क्रमांकाने आजही वापरात आहे आणि तिचे अधिकृत नावच HYPHEN-MINUS असे आहे. म्हणून पानाचे वाचन करण्यापूर्वी ते खिळ्यांनी छापलेले, टंकलिखित की संगणकावर जुळविलेले आहे, हे प्रथम ठरवावे. टंकलिखित पानावर रेघेच्या लांबीवरून संयोगचिन्ह आणि वजाबाकी यांत भेद करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय.

२. अस्पष्टतेत काय टिकते आणि काय टिकत नाही

छायाचित्र अस्पष्ट होण्याची दोन मुख्य कारणे असतात : भिंगाचा नाभिबिंदू चुकणे आणि हात हलणे. नाभिबिंदू चुकला की शाई सर्व बाजूंना सारखी पसरते. त्यामुळे रेघेची जाडी विश्वसनीय राहत नाही, पण पसरलेल्या डागाचा मध्य जागेवरच राहतो. म्हणजे रेघ कोणत्या उंचीवर आहे हे पुष्कळ अस्पष्ट चित्रातूनही सांगता येते.

हात हलल्याचा परिणाम मात्र दिशेवर अवलंबून असतो. हात आडवा हलला तर आखूड रेघ लांबट दिसते आणि संयोगचिन्ह वजाबाकीसारखे भासते. हात उभ्या दिशेने हलला तर आडव्या रेघेची शाई वरखाली विरळ होऊन रेघच नाहीशी होते. यात सर्वांत आधी बळी पडते ती अपूर्णांकाची बारीक रेघ. डोनाल्ड नूथ यांच्या टेक्‌ या जुळणीप्रणालीत दहा पॉइंटच्या नेहमीच्या अक्षरमालेत ही रेघ ०.४ पॉइंट जाडीची असते. इंचाला ३०० बिंदू घेतले तर ती जेमतेम दीड ते दोन बिंदू जाड भरते. १०० बिंदू घेतले तर अर्ध्या बिंदूच्या आसपास. अशा वेळी छायाचित्र निव्वळ काळेपांढरे करणारी सोय वापरल्यास रेघ पूर्णपणे पुसली जाते. म्हणून मूळ करड्या छटांचे चित्र जपून ठेवावे.

हात कोणत्या दिशेने हलला हे त्याच पानावरील पूर्णविरामावरून कळते. पूर्णविराम गोलच पण मोठा दिसत असेल तर नाभिबिंदू चुकला आहे. तो आडवा लांबला असेल तर रेघांच्या लांबीवर विसंबू नये. उभा लांबला असेल तर न दिसणाऱ्या रेघेचीही शक्यता धरावी.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. 'क्ष' किंवा 'य' ही अव्यक्त राशी छेदात असेल तर अपूर्णांकाची रेघ आणि अक्षराची शिरोरेषा अगदी जवळ येतात आणि अस्पष्ट चित्रात दोन्ही मिळून एकच जाड रेघ दिसते. अशा ठिकाणी त्याच पानावरील अन्य 'य'ची शिरोरेषा ताडून पाहावी. छेदातील रेघ अक्षराच्या दोन्ही बाजूंना अधिक बाहेर गेली असेल, अथवा तुलनेने अधिक जाड असेल, तर तेथे अपूर्णांकाची रेघ दडलेली आहे असे समजावे.

३. एक उदाहरण

विवेचनासाठी जुन्या वळणाच्या मराठी बीजगणिताच्या पुस्तकातील उदाहरणसंग्रहाच्या धर्तीवर एक ओळ घेऊ. छायाचित्रात प्रथम ५ हा अंक, त्यानंतर आखूड रेघ, मग 'क्ष', पुन्हा रेघ आणि ६ असे दिसते. त्यांच्या खाली पुसट आडवी रेघ आहे. तिचा उजवा भाग ६ खाली स्पष्ट आहे, डावा भाग विरत गेला आहे. तिच्या खाली २ आहे. पुढे '= ४', आणि ओळीच्या शेवटी 'उत्तर - १४'.

येथे दोन शंका आहेत. पहिली रेघ प्रश्नक्रमांकाला जोडलेले संयोगचिन्ह आहे की वजाबाकी? आणि अपूर्णांकाची रेघ केवळ ६ खाली आहे की 'क्ष − ६' या संपूर्ण अंशाखाली? यातून चार वाचने संभवतात :

(क्ष − ६)/२ = ४, म्हणून क्ष = १४
क्ष − ६/२ = ४, म्हणून क्ष = ७
५ − (क्ष − ६)/२ = ४, म्हणून क्ष = ८
५ − क्ष − ६/२ = ४, म्हणून क्ष = −२

चारही उत्तरे पूर्णांक आहेत. 'उत्तर नीट आले, म्हणून वाचन बरोबर' हा युक्तिवाद येथे निरुपयोगी ठरतो. शेवटी दिलेले उत्तरही निर्विवाद नाही, कारण 'उत्तर' या शब्दानंतरची रेघ संयोगचिन्ह मानली तर उत्तर १४ होते आणि ऋणचिन्ह मानली तर −१४.

आता पुरावा पाहू. दुसऱ्या शंकेचा निर्णय उंचीवरून होतो. मुद्रणात बरोबरचे चिन्ह, मुख्य ओळीतील वजाबाकी आणि अपूर्णांकाची रेघ ही तिन्ही एकाच अक्षावर मांडण्याची रीत आहे. रेघ फक्त ६ खाली असती तर 'क्ष' आणि त्यापुढील वजाबाकी बरोबरच्या चिन्हाच्या समपातळीत असती आणि एकटा ६ वर उचललेला दिसला असता. आपल्या चित्रात 'क्ष' आणि वजाबाकी दोन्ही ६ च्याच उंचीवर, बरोबरच्या चिन्हापेक्षा वर आहेत. म्हणजे 'क्ष − ६' हा संपूर्ण अंश आहे आणि रेघेचा डावा भाग केवळ पुसला गेला आहे. पुस्तकाच्या शिवणीजवळ ओळ वाकते. म्हणून ही तुलना संपूर्ण पानाच्या कडेशी नव्हे, तर लगतच्या चिन्हांशी करावी.

पहिल्या शंकेत उंचीचा उपयोग नाही. येथे मोकळी जागा पाहावी. वजाबाकीच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखी जागा सोडतात. येथे रेघ ५ ला चिकटून आहे आणि तिच्यानंतर मोठी मोकळी जागा आहे. शिवाय वरच्या ओळीत ४ नंतर आणि खालच्या ओळीत ६ नंतर त्याच उभ्या स्तंभात तशीच रेघ आहे. म्हणून ५ हा प्रश्नक्रमांक ठरतो.

उत्तरापूर्वीच्या रेघेचा निकालही शेजारच्या ओळींवरून लागतो. प्रत्येक 'उत्तर' शब्दानंतर ती आहे आणि जेथे उत्तर ऋण आहे तेथे दोन रेघा आहेत. म्हणून उत्तर १४. आता पडताळा घ्यावा : १४ − ६ = ८, त्याचे अर्धे ४. पडताळा जुळतो, पण तो आधी स्वतंत्रपणे केलेल्या वाचनाला दुजोरा देतो, एवढेच त्याचे मूल्य आहे. छापील उत्तराकडे पाहून रेघ ठरविली असती तर हाच पडताळा वर्तुळाकार झाला असता, आणि उत्तरात मुद्रणदोष असता तर तो कधीच उघडकीस आला नसता.

४. मर्यादा

केवळ समीकरण कापून घेतलेले चित्र असेल तर शेजारच्या ओळींचा पुरावा नष्ट होतो. हस्तलिखितात लेखक अपूर्णांकाची रेघ अनेकदा आखूड ओढतो आणि अक्षही पाळत नाही; तेथे त्याच हाताचे अन्य अपूर्णांक जमविल्याशिवाय निर्णय करू नये. एवढे करूनही शंका उरल्यास दोन्ही वाचने नोंदवावीत.

हातातून यंत्राकडे जाताना रेघ हरवल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण २२ जुलै १९६२ चे आहे. अमेरिकेचे मरीनर-१ हे शुक्राकडे निघालेले यान उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी भरकटल्यामुळे नष्ट करावे लागले. त्या वेळी 'एक संयोगचिन्ह गळाले' असे सांगण्यात आले. नंतरच्या विवेचनांत मात्र मार्गदर्शनाच्या समीकरणातील एका चिन्हावरची, सरासरी दर्शविणारी आडवी रेघ नक्कल करताना सुटली, असे म्हटले आहे. गळालेल्या रेघेचे नावही नीट ठरू नये, यातच तिच्या वाचनाची अडचण दिसते.

निष्कर्ष

आडव्या रेघेला स्वतःचा अर्थ नाही. तो तिच्या जागेतून येतो. वर आणि खाली काही आहे काय, बरोबरच्या चिन्हाशी तिची पातळी जुळते काय, दोन्ही बाजूंची जागा सारखी आहे काय, आणि शेजारच्या ओळींत तीच रेघ पुन्हा येते काय, हे चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत. रेघेची जाडी आणि लांबी यांची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी, कारण अस्पष्टतेत प्रथम बिघडतात त्या याच दोन गोष्टी. समीकरण त्यानंतर सोडवावे.