प्रस्तावना : आकड्याआधी नोंदपत्रिका

प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञांच्या पहिल्यावहिल्या बालचाचण्या ज्यांना तपासायच्या असतात, त्या मार्गदर्शकांसाठी हे पुस्तक आहे. अहवाल हाती आला की नजर आधी बुद्ध्यांकावर जाते. आमचा आग्रह असा, की आधी नोंदपत्रिका उघडावी. बहुतेक चुकांचा माग तिच्यातच लागतो.

सुरुवात वयापासून करावी. समजा, मुलीचा जन्म २५ सप्टेंबर २०१५ चा आणि चाचणी १२ मार्च २०२४ ची. हातचा महिना तीस दिवसांचा धरून वजाबाकी केली, तर वय येते ८ वर्षे, ५ महिने, १७ दिवस. प्रशिक्षणार्थीने घाईत नुसती वर्षे वजा करून ‘९ वर्षे’ लिहिले, तर दुहेरी गोंधळ होतो. वेक्सलर पद्धतीच्या चाचण्यांत वयानुसार आरंभाचा प्रश्न बदलतो, म्हणून मुलगी तिच्या वयासाठी न ठरवलेल्या प्रश्नापासून सुरू करते. पुढे तिचे गुण नऊ वर्षांच्या मुलांच्या मानकांशी ताडले जातात आणि बुद्ध्यांक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तो सत्तरच्या आसपास असेल, तर निदानच बदलू शकते.

मग आरंभ आणि शेवट पाहावा. पाचव्या प्रश्नापासून सुरू केलेल्या मुलाने पहिले दोन प्रश्न पूर्ण गुण मिळवून सोडवले, तर आधीच्या चारही प्रश्नांचे पूर्ण गुण बेरजेत धरायचे असतात. नवखे नेमके तेच विसरतात. दोहोंपैकी एक जरी चुकला, तरी उलट क्रमाने मागे जावे लागते. शेवटी, ठरलेल्या संख्येइतकी सलग शून्ये पडण्याआधीच चाचणी थांबली असेल, तर समजावे की मूल कंटाळलेले पाहून प्रशिक्षणार्थीचे मन द्रवले.

तिसरी खूण उत्तरांच्या रकान्यात असते. तिथे नुसते १, २, ० असे गुण असतील आणि मुलाचे शब्द नसतील, तर ते गुण कशावरून दिले, हे कुणालाच पडताळता येत नाही. उत्तर मुलाच्याच शब्दांत हवे आणि ‘आणखी सांग’ असे विचारले तिथे त्याची खूण हवी.

काही गोष्टी मात्र कागदावर उमटत नाहीत. अंकस्मरणात अंक सेकंदाला एक या गतीने वाचले का? ‘शाब्बास’ प्रयत्नाला मिळत होते, की फक्त बरोबर उत्तराला? त्यासाठी पालकांच्या संमतीने खोलीत बसावे किंवा चित्रीकरण पाहावे.

पहिल्या काही नोंदपत्रिकांना प्रशिक्षणार्थीने दिलेले गुण झाकून स्वतः गुण द्या आणि मग प्रश्नागणिक जुळवा. केवळ एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. हे झाल्याशिवाय अहवालावर सही करू नका.