गोलाच्या पट्ट्याचा मागोवा

R त्रिज्येच्या गोलाला दोन समांतर प्रतलांनी छेदलं, तर मधल्या पट्ट्याचं वक्रपृष्ठफळ 2πRh येतं. h म्हणजे प्रतलांमधलं अंतर. पट्टा गोलाच्या पोटावरचा आहे की टोकाजवळचा, याची सूत्राला पर्वा नाही.

आर्किमिडीजच्या ‘गोल आणि दंडगोल’ या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात हे सूत्र शोधायला गेलं, तर या रूपात मिळत नाही. तो एका प्रतलाने कापलेल्या टोपीबद्दल सांगतो: शिखरापासून काठापर्यंतची सरळ रेषा त्रिज्या धरून वर्तुळ काढा, टोपीचं पृष्ठफळ त्या वर्तुळाएवढं. उंचीचा उल्लेखच नाही! पण त्या रेषेचा वर्ग 2Rh भरतो, h टोपीची उंची असेल तर. मग पट्टा म्हणजे मोठ्या टोपीतून लहान टोपी वजा, आणि उरते ती केवळ उंचीतली वजाबाकी.

असं का घडतं? अक्षापासून r अंतरावरची एक अगदी अरुंद पट्टी घ्या. टोकाकडे जावं तसा तिचा घेर 2πr आटतो, पण पृष्ठ आडवं होत गेल्याने तेवढ्याच उंचीसाठी तिची तिरकी रुंदी s वाढते. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून s आणि h यांचा चिमुकला त्रिकोण R आणि r यांच्या त्रिकोणाशी समरूप होतो: s : h = R : r. म्हणजे 2πr × s = 2πR × h. घेरात जे घटलं ते रुंदीत तंतोतंत भरून निघालं.

आपल्याकडे लल्लाने गोलपृष्ठफळ म्हणून वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ दिलं होतं. हे तर घनफळाच्या जातीचं माप झालं. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत ते खोडून काढलं. त्यांनी गोलाच्या, आवळ्यावरच्या रेघांप्रमाणे, उभ्या फाका पाडल्या, फाकेचे आडवे तुकडे केले आणि ज्यांची बेरीज करून उत्तर काढलं: परीघ गुणिले व्यास. आपल्या सूत्रात h = 2R घातलं की हेच येतं.

1772 मध्ये लाम्बर्टने या गुणधर्मावर नकाशाच रचला. गोलावरचा प्रत्येक बिंदू अक्षापासून आडवा सरकवून भोवतालच्या दंडगोलावर न्यायचा. आकार विद्रूप होतात, क्षेत्रफळं मात्र टिकतात. 30 अंशाची ज्या त्रिज्येच्या निम्मी, म्हणून विषुववृत्त ते 30 अंश उत्तर एवढ्या पट्ट्यात उत्तर गोलार्धाचं निम्मं पृष्ठ मावतं. 60 अंशांपासून ध्रुवापर्यंत, म्हणजे अंशांच्या हिशेबाने एक तृतीयांश वाटेवर, जेमतेम 13.4 टक्के. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने प्रत्यक्षात हे आकडे थोडे सरकतात; तिथे s : h = R : r हे नातं तंतोतंत जुळत नाही.