घरपट्टीवरचं नाव : 1888 च्या कायद्याने विचारलेला प्रश्न

फ्लॅट घेतला, रजिस्ट्रेशन झालं, चाव्या मिळाल्या. आता महापालिकेत जाऊन घरपट्टीवर नाव लावायचं राहिलंय. आमच्या भागात ओळखीच्या कुणी ना कुणी हे काम "बघू सावकाश" म्हणून ठेवलेलं असतंच. त्याच वेळी दुसरी एक समजूतही पक्की असते, की घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे घर कायदेशीररीत्या आपलं झालं. या दोन्ही गोष्टी चुकीच्या का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. कारण आज आपण ज्या नियमाखाली अर्ज करतो, त्याचा साचा 1888 सालचा आहे.

मुंबईत 1865 च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनर हे पद आलं आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर झाले. त्यांनी शहर सुधारलं, पण खर्चही भरमसाट केला. 1871 पर्यंत करदाते इतके भडकले की कारभाराची घडीच बदलावी लागली. 1872 च्या कायद्याने 64 सभासदांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे, म्हणजे 32 सभासद, करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. सगळ्या शहराला मत नव्हतं, ते कर भरणाऱ्यांना होतं. म्हणजे कराच्या वहीत नाव असणं ही त्या काळी खरोखर पत होती. घरपट्टीवरच्या नावाला आपल्याकडे जो मान आहे, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

पुढे 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आला. मुंबईत तो आजही लागू आहे, अर्थात अनेक दुरुस्त्यांसह. नावबदलाची तरतूद त्याच्या कलम 149 ते 151 मध्ये आहे. 1949 साली पुणे-अहमदाबादसारख्या शहरांसाठी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला, तेव्हा त्याच्या करआकारणी नियमांत ही कलमं जवळजवळ तशीच उतरवली. तोच आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. म्हणून पुणे असो, ठाणे असो की नाशिक, अर्जाचा नमुना वेगळा असेल, फी वेगळी असेल, पण मुळातला नियम एकच आहे.

हा नियम नीट वाचला तर तो 'घर कुणाचं' असं विचारतच नाही. तो विचारतो, 'कर कुणाकडून वसूल करायचा?' कायद्यातला शब्दही मालक असा नाही. कर भरण्यास 'प्रथमतः जबाबदार' असलेली व्यक्ती, असा आहे. आणि याच नियमांत अशीही सोय आहे की जबाबदार माणसाचं नाव कळत नसेल, तर वहीत नुसतं 'धारक' लिहिलं तरी आकारणी वैध. ज्या वहीला नावाशिवायही चालतं, ती मालकीचा पुरावा कशी ठरेल? महसुली फेरफार नोंदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय की अशी नोंद कर-वसुलीपुरती असते, तिने हक्क निर्माण होत नाही आणि जातही नाही. घरपट्टीची वही त्याच जातीची. मालकी ठरते ती नोंदणीकृत दस्ताने.

मग नाव लावायचंच कशाला? त्याचं उत्तरही त्याच कलमांत आहे.

हस्तांतरण झाल्यावर, दस्त नोंदवला असेल तर नोंदणीपासून, तीन महिन्यांच्या आत आयुक्तांना लेखी सूचना द्यायची. आणि ती कोणी द्यायची? विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. आपल्याकडे हे काम घेणाऱ्याचंच, असं धरून विकणारा मोकळा होतो. पण कायद्याने खरा चाप लावलाय तो विकणाऱ्याला. त्याने सूचना दिली नाही, तर सूचना देईपर्यंत किंवा वहीत बदल नोंदला जाईपर्यंत कराची त्याची जबाबदारी चालूच राहते. फ्लॅट विकून गावी गेलेल्या माणसाच्या नावाने थकबाकीची नोटीस निघते ती यामुळे.

म्हणून घेणाऱ्याने निश्चिंत व्हावं, असंही नाही. मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरचा बोजा असतो. सरकारी जमीन महसूल आधी, आणि त्यानंतर पहिला हक्क महापालिकेचा. आधीच्या मालकाने चार वर्षं कर थकवला असेल, तर ती थकबाकी फ्लॅटबरोबर तुमच्याकडे येते. शिवाय करपात्र मूल्य वाढवायचं झालं तर त्याची खास नोटीस वहीतल्या नावाने निघते आणि हरकतीची मुदत ठरावीक असते. नोटीस जुन्या मालकाच्या नावाने फिरत राहिली, तर ती मुदत तुमच्या नकळत संपते.

आता माझंच उदाहरण देतो. आमची इमारत 1998 ची. पहिल्यांदा फ्लॅट बिल्डरकडून एका कुटुंबाने घेतला, 2007 मध्ये तो दुसऱ्यांनी घेतला आणि 2022 मध्ये त्यांच्याकडून मी. घरपट्टीचं बिल मात्र अजून बिल्डरच्याच नावाने येत होतं. मी अर्जासोबत माझा करारनामा, सूची क्रमांक 2, चालू बिल भरल्याची पावती आणि सोसायटीचं पत्र जोडलं. कारकुनाने विचारलं, "मधले दोन व्यवहार कुठेत?" प्रश्न रास्त होता. वहीत बिल्डर आहे आणि माझ्या करारात विकणारा कुणी तिसराच आहे, तर या दोघांना जोडणारी साखळी दाखवायला नको? 1998 चा मूळ करार मला जुन्या मालकांकडून मिळालेल्या कागदांत होता. 2007 चा सापडेना, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच्या सूची क्रमांक 2 ची प्रत काढली. साखळी जुळली आणि नाव लागलं. म्हणून जुना फ्लॅट घेताना आधीचे सगळे करार व्यवहाराच्या दिवशीच ताब्यात घ्या, आणि नावबदलाच्या अर्जावर विकणाऱ्याची सही त्याच दिवशी घ्या. नंतर माणूस सापडत नाही.

मुंबईकरांसाठी एक वेगळी गोष्ट. 1888 च्या कायद्याच्या डोळ्यासमोर चाळ होती, एक घरमालक आणि अनेक भाडेकरू. मालकीचे फ्लॅट आणि सहकारी सोसायट्या 1960 च्या दशकातल्या कायद्यांनी रुळल्या. त्यामुळे मुंबईत कित्येक जुन्या सोसायट्यांना आजही अख्ख्या इमारतीचं एकच बिल येतं, तेही सोसायटीच्या नावाने. तिथे तुमचं नाव लावायला महापालिकेच्या वहीत रकानाच नसतो. तिथे नाव बदलायचं ते सोसायटीच्या सभासद नोंदवहीत आणि शेअर सर्टिफिकेटवर. आधी बिल हातात घेऊन ते कुणाच्या नावाने आहे, एवढं पाहिलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

मालक वारला असेल तर वारसांना सूचना देण्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. इथे मात्र घरोघरी भांडणं होताना बघतो. एका भावाने घरपट्टीवर आपलं नाव लावलं की दुसरा म्हणतो, "घर हडपलं." लावणाऱ्यालाही वाटतं, घर आपलं झालं. दोघांचंही चुकतं. नाव लागल्याने एकाचा वाटा वाढला नाही आणि दुसऱ्याचा गेला नाही. बिल कुणाच्या नावाने पाठवायचं, एवढंच त्या वहीने ठरवलं. वाटा ठरवायला वाटणीपत्र किंवा दिवाणी न्यायालय.

तेव्हा तुमच्या दस्तावरची नोंदणीची तारीख बघा आणि तीन महिने मोजा. अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. विकणारे असाल, तर ही पोच तुमच्यासाठी जास्त मोलाची आहे. वहीत बदल व्हायला वेळ लागला तरी सूचना कधी दिली हे तिच्यावरूनच सिद्ध होतं, आणि तुमची जबाबदारी कुठे संपली हेही.