बढतीची तार ते बढतीचा थ्रेड

टीमच्या चॅटवर साहेबांचा निरोप येतो, की आपल्या अमुक मॅडम आजपासून मॅनेजर. पुढच्या पाच मिनिटांत खाली 'काँग्रॅट्स', 'अभिनंदन मॅडम', 'पार्टी कधी?' अशी रांग लागते. मूळ निरोपाला टाळ्यांचं आणि फुटलेल्या पार्टी पॉपरचं चित्र चिकटतं, शेजारी आकडा वाढत राहतो. सगळं कालपरवाचं वाटतं, पण या दोन ओळींच्या अभिनंदनामागे दोन जुनी घराणी आहेत. एक तारघराचं, दुसरं ऑफिसातल्या नोटीस बोर्डाचं.

आधी तारघराचं. भारतात तारसेवा १८५५ मध्ये सर्वसामान्यांना खुली झाली. तारेचे पैसे शब्दांच्या हिशेबाने लागत, म्हणून तारेतलं लिखाण आपोआप आखूड झालं. मात्र घरगुती तारेला दुसरीच एक अडचण होती. 'तार आली' म्हटलं की घरात पहिल्यांदा पोटात गोळा येई, कारण तार बहुधा कोणी गेल्याची किंवा अत्यवस्थ असल्याची असे. ब्रिटनच्या टपालखात्यालाही हे चांगलंच ठाऊक होतं. जुलै १९३५ मध्ये त्यांनी खास शुभेच्छांची तार काढली. ९ शब्दांना ९ पेन्स, म्हणजे साध्या तारेपेक्षा ३ पेन्स जास्त. त्या बदल्यात नक्षीदार कागद आणि सोनेरी पाकीट मिळे. पाकिटाच्या रंगावरूनच दार उघडणाऱ्याला कळे, की बातमी रडण्याची नाही.

आपल्याकडच्या शुभेच्छा-तारेत आणखी एक सोय होती. वाक्यं आधीच ठरलेली आणि प्रत्येकाला क्रमांक. दिवाळी, ईद, नाताळ, लग्न, परीक्षेतलं यश, निवडणुकीतला विजय, सगळ्यांसाठी एकेक वाक्य. मिळालेल्या मानाबद्दल अभिनंदन करणारं वाक्यही त्यात होतं, बढती त्यातच बसवून घेता येई. पाठवणाऱ्याने फॉर्मवर पत्ता, क्रमांक आणि आपलं नाव लिहायचं. तारेवरून नुसता क्रमांक जाई आणि पलीकडचा तारमास्तर पूर्ण वाक्य रंगीत फॉर्मवर उतरवी. क्रमांक चुकला तर नवरा-नवरीला निवडणूक जिंकल्याबद्दल शुभेच्छा मिळत, असा विनोद तेव्हा सर्रास सांगितला जाई. सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर तो विनोदही म्हातारा झाला होता.

आता गंमत बघा. हे वाक्य पाठवणाऱ्याचं नव्हतं, सरकारी छापील यादीतलं होतं. तरी ते कोणाला कोरडं वाटलं नाही. कारण त्या क्रमांकामागे माणूस तारघरापर्यंत गेलेला असे, रांगेत उभा राहिलेला असे, पदरचे पैसे मोजलेले असत. आपुलकी शब्दांत नव्हती, त्या खटाटोपात होती. म्हणून तारेचा कागद ट्रंकेत जपून ठेवला जाई.

दुसरं घराणं चारचौघांतलं. बढतीचा आदेश नोटीस बोर्डावर लागायचा, मग टेबलापाशी गर्दी, हस्तांदोलन आणि लगेच 'पेढे कुठायत?'. ईमेल आल्यावर हा बोर्ड पडद्यावर आला आणि एक नवाच रोग घेऊन आला. सगळ्यांना गेलेल्या निरोपाला प्रत्येकाने सगळ्यांनाच उत्तर द्यायचं. त्याचं टोक १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये दिसलं. सुमारे १३,००० जणांच्या एका यादीवर कोणीतरी 'मला यातून काढा' असं सगळ्यांना लिहिलं, त्यावर 'मलाही', 'मलाही' अशी उत्तरं सुरू झाली आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. बढतीच्या मेलवरचे चाळीस 'काँग्रॅट्स' म्हणजे याच रोगाची सौम्य लागण. सर्व्हर मरत नाही, फक्त पुढच्याचा इनबॉक्स तुंबतो.

टीमच्या चॅटची वंशावळ मात्र वेगळी. फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची व्यवस्था तयार केली. तिथे तुम्ही हजर नसलात तर बोललेलं तुमच्यापुरतं वाऱ्यावर गेलं. तिथल्या प्रोग्रामर मंडळींनी शाबासकीचीही आपली रीत पाडली. एखाद्याच्या नावापुढे `++` टाइप केलं, की एक छोटा बॉट त्याच्या खात्यात एक गुण जमा करी. पुढे 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवणारी मंडळी आपसात आयआरसीच वापरत होती आणि त्याला आपली अवजारं जोडत होती. गेम २०१२ मध्ये बंद पडला, पण त्या अवजारांतून स्लॅक निघालं. तिथे बोललेलं टिकतं, शोधता येतं. २०१५ मध्ये स्लॅकने निरोपाखालीच इमोजी चिकटवायची सोय दिली. आता वेगळी ओळ न लिहिता 'मीही आनंदात आहे' हे कळवता येऊ लागलं. व्हॉट्सअॅपवर ही सोय यायला २०२२ उजाडलं.

या चित्रामुळे रांग कमी झाली हे खरंच. मला ही सोय आवडते. चाळीस जणांच्या टीममध्ये ज्याच्याशी वर्षातून दोनदा बोलणं होतं, त्याच्यासाठी ती पुरेशी आणि सभ्य आहे. पंचाईत होते ती रोज शेजारी काम करणाऱ्याची. तारघराचा खटाटोप गेला, खर्च गेला, तयार वाक्य तेवढं उरलं. लिंक्डइन तर अभिनंदनाचं बटणच हातात देतं. अशा वेळी आपुलकी दाखवायला एकच जागा शिल्लक राहते, ती म्हणजे स्वतःच पाहिलेली एखादी गोष्ट.

समजा, पेरोलचं काम बघणाऱ्या सहकारी टीम लीड झाल्या आहेत. नुसतं 'हार्दिक अभिनंदन, खूप खूप शुभेच्छा' लिहिलं तर ते यादीतलं वाक्य झालं. त्याऐवजी असं लिहिता येतं: 'अभिनंदन मॅडम! मार्चमध्ये पीएफची कपात चुकली तेव्हा तुम्ही रात्री नऊपर्यंत बसून प्रत्येकाची स्लिप तपासलीत, ते लक्षात आहे. छान वाटलं.' तीनच वाक्यं, पण ती दुसऱ्या कोणाच्या बढतीला चिकटवता येणार नाहीत. चौथं लिहिलं, की भाषण सुरू होतं.

चॅट चारचौघांतलं असल्यामुळे नोटीस बोर्डाच्या काळातली पथ्यंही अजून लागू आहेत. 'ही बढती कधीच व्हायला हवी होती' यात साहेबांना टोमणा आहे, आणि ज्याची बढती हुकली तोही ती ओळ वाचतोच आहे. तुलना तर अजिबात नको. साहेबांचा निरोप येण्याआधी, कानावर आलं म्हणून, अभिनंदन करणं हा मोठाच घोळ, कारण टिकणाऱ्या चॅटमध्ये कोणाला आधी कळलं होतं हे वेळेसकट दिसतं. निरोपाला स्वतंत्र थ्रेड असेल तर तिथेच लिहावं, मुख्य चॅनेलवर नाही, नाहीतर दुपारचं काम शोधणाऱ्याला आधी पन्नास पार्टी पॉपर ओलांडावे लागतात.

आपल्याकडे आणखी एक पेच असतो. कालपर्यंत 'अरे'वर असलेला मित्र आज साहेब झाला, तर लिहायचं काय? बहुतेक जण थट्टेवर नेतात, 'आता अहो म्हणायचं का?'. एकाने विचारलं तर ठीक, चौघांनी विचारलं की तो बिचारा काय उत्तर देणार. मी तरी चॅटवर नेहमीच्याच हाकेने लिहितो. बाकीचं चहाला गेल्यावर बोलायचं, पेढ्यांचा तगादाही तिथेच.