रजेची तासांतील वजावट

पाळीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची रजा दिवसांऐवजी तासांत जमा धरायची आणि रजेच्या दिवशी त्याची जितक्या तासांची पाळी लागलेली असेल तितकेच तास शिलकीतून वजा करायचे, अशी पद्धत. सगळ्या पाळ्या सारख्या लांबीच्या असल्या तर तिची गरज पडत नाही. पण एकाच माणसाला कधी साडेसात, तर कधी साडेअकरा तासांची ड्युटी लागत असेल, तर दिवस मोजून कुणाला जास्त रजा मिळते, कुणाला कमी.

ब्रिटनमधील उदाहरण. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) पूर्णवेळ आठवडा साडेसदतीस तासांचा, म्हणजे साडेसात तासांचे पाच दिवस असा धरतात. नव्या कर्मचाऱ्याला वर्षाला २७ दिवस रजा आणि ८ सार्वजनिक सुट्ट्या मिळतात. ज्यांची पाळी साडेसात तासांची नसते त्यांचा हिशेब तासांत करावा, म्हणजे इतरांपेक्षा त्यांना जास्त वा कमी रजा पडणार नाही, असे सेवाशर्तींच्या पुस्तिकेत सांगितले आहे. त्यानुसार ३५ दिवसांचे २६२.५ तास होतात. साडेसदतीसने भागल्यास बरोबर सात आठवडे येतात. आठवड्याला ३० तास काम करणाऱ्याला २१० तास मिळतात. त्याचेही सातच आठवडे होतात.

हिशेब. वॉर्डातल्या लांब दिवसपाळीत साधारण साडेबारा तास हजेरी असते आणि त्यातला एक तास बिनपगारी विश्रांतीचा असतो. त्यामुळे रजेत साडेबारा नव्हे, साडेअकरा तास जातात. समजा, एका नर्सने सोमवारची लांब पाळी आणि बुधवारची साडेसात तासांची छोटी पाळी रजेवर काढली. तिचे १९ तास वजा होऊन २४३.५ तास उरतील. पुढे एका लांब पाळीत पाच तास काम करून ती उरलेल्या वेळाची रजा घेऊन गेली, तर साडेसहा तास आणखी जातील. नाइट ड्युटी मध्यरात्री दोन तारखांत विभागली गेली, तरी ती एकच पाळी धरायची आणि तिचे पूर्ण तास एकदाच वजा करायचे.

सार्वजनिक सुट्टी. आठ सुट्ट्यांचे ६० तास वर्षाच्या सुरुवातीलाच शिलकीत आलेले असतात. म्हणून नाताळ नर्सच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला तर काहीच वजा होत नाही. तिचे साडेसात तास शिलकीत राहतात आणि ती ते नंतर वापरते. त्याच दिवशी तिची लांब पाळी लागलेली असून तिला सुट्टी दिली, तर साडेअकरा तास जातात. सुट्टीपोटी जमा झाले होते साडेसात. वरचे चार तास तिच्या इतर रजेतून भागतात. तक्रारी बहुधा याच चार तासांवरून होतात, कारण सुट्टी सरकारी असताना आपली रजा कशी गेली, हे पटत नाही. पण तिथे साडेसातच वजा केले, तर सुट्टीच्या दिवशी लांब पाळी पडलेल्याला चार तास फुकट मिळतील आणि ज्याच्या वाट्याला ती पाळी आली नाही त्याला मिळणार नाहीत.

चुका आणि पडताळा. प्रत्येक रजेला सरसकट साडेसात तास वजा करणे ही नेहमीची चूक. फक्त लांब पाळ्या करणाऱ्याला मग ३५ पाळ्यांची रजा मिळते. चार आठवड्यांत १३ पाळ्या धरल्या तर ही रजा जवळपास पावणेअकरा आठवडे पुरते, बाकीच्यांना मात्र सातच. उलट, छोट्या पाळीलाही साडेअकरा तास कापले तर दर वेळी चार तासांचे नुकसान होते.

पडताळा एका आठवड्यावर घेऊन चालत नाही. तीन लांब पाळ्यांच्या आठवड्याची रजा ३४.५ तास खाते, चार पाळ्यांच्या आठवड्याची ४६. दोन्ही आकडे बरोबरच असतात. चार आठवड्यांचे पूर्ण रोस्टर घेतले की १३ पाळ्यांचे १४९.५ तास होतात आणि कराराच्या १५० तासांत अर्ध्याच तासाचा फरक उरतो. फरक याहून बराच मोठा असेल, तर विश्रांतीचा तास मोजला गेला आहे किंवा पाळीची लांबी चुकीची नोंदली आहे, असे समजावे.

न्यायालयीन निर्णय. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या फेअर वर्क कायद्यात आजारपण व कुटुंबीयांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा आहे. टास्मानियातील क्लेरमाँटच्या कॅडबरी कारखान्यातील कामगार आठवड्याला सरासरी ३६ तास, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत काम करत. दहा दिवस म्हणजे दहा पाळ्या, अर्थात १२० तास, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते आणि २०१९ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने ते बहुमताने मान्य केले. ऑगस्ट २०२० मध्ये हायकोर्टाने बहुमताने तो निर्णय फिरवला. दहा दिवस म्हणजे दोन आठवड्यांचे सामान्य कामाचे तास, म्हणजेच वर्षभराच्या तासांचा २६ वा हिस्सा, असे ठरले. या कामगारांसाठी कायद्याने मिळणारी ही किमान रजा ७२ तासांची होते. त्यातून बारा तासांच्या सहा पाळ्या भागतात. आठवड्याचे तेवढेच तास पाच दिवसांत भरणाऱ्याला त्याच ७२ तासांत ७.२ तासांचे दहा दिवस मिळतात. न्या. गेजलर यांनी भिन्नमत नोंदवले.