पासष्ट वर्षांची आठवण: फॅरो बेटांवरचा गोवर

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला होता. त्याचं म्हणणं, "आजार होऊन गेला की आयुष्यभर सुटका होते, मग लस कशाला? निसर्गालाच करू दे ना त्याचं काम." प्रश्न चांगला आहे, आणि त्यातलं पहिलं अर्धं वाक्य बऱ्याच आजारांबाबत खरंही आहे. माझी धाकटी बहीण मायक्रोबायोलॉजी शिकते. तिच्या इम्युनॉलॉजीच्या स्लाइड्समध्ये या प्रश्नाचं उत्तर एका आलेखात आहे. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर रक्तातल्या अँटिबॉडी. डावीकडे उशिरा उठणारा एक बुटका उंचवटा, उजवीकडे झपकन चढणारा एक उंच डोंगर. पहिला म्हणजे प्राथमिक प्रतिसाद, दुसरा म्हणजे दुय्यम. परीक्षेला हे पाठ करतात. पण आलेख समजून घ्यायचा असेल, तर आपल्याला 1846 मध्ये जायला हवं.

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधे, उत्तर अटलांटिक समुद्रात फॅरो नावाची बेटं आहेत. तेव्हा तिथे डेन्मार्कचं राज्य होतं आणि वस्ती होती 7,782. मेंढ्या, मासेमारी आणि व्हेलची शिकार यांवर जगणारी माणसं. 1781 मध्ये तिथे गोवराची साथ येऊन गेली होती. त्यानंतर पासष्ट वर्षं गोवर नाही. एकही रुग्ण नाही.

मार्च 1846 च्या शेवटी कोपनहेगनहून एक सुतार बोटीने टोर्सहावनला उतरला. निघण्याआधी तो तिकडच्या गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला गोवर झाला, मग त्याच्या दोन मित्रांना, आणि तिथून पुढे काही महिन्यांत सहा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. शंभराहून अधिक माणसं दगावली. शेतात, होडीवर कामाला जायला धड माणूस उरला नाही अशी अवस्था.

सरकारने तिकडे पीटर पानुम नावाचा एक तरुण डॉक्टर पाठवला. वय फक्त 25, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. त्याच्याकडे ना रक्ततपासणी, ना विषाणू ही कल्पना. होती ती फक्त वही. तो गावोगाव फिरला आणि विचारत राहिला: तुला पुरळ कधी उठलं? त्याआधी कोणाला भेटला होतास? बेटांवरची गावं एकमेकांपासून इतकी तुटलेली, की लोकांना भेटीच्या तारखा पक्क्या आठवत होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा एकदम स्वच्छ होता.

त्याला सापडलेली पहिली गोष्ट ऐका. च्योर्नुविक गावचे दहा जण 4 जूनला वेस्टमान्ना इथे व्हेलच्या शिकारीला गेले. तिथे त्यांना लागण झाली. 18 जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. एकाच दिवशी, बरोबर चौदा दिवसांनी. पुढे गावोगाव त्याला हाच हिशोब मिळत गेला.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्यांची. 1781 मध्ये ज्यांना गोवर झाला होता, असे बरेच वृद्ध अजून जिवंत होते. पानुमने त्यांची चौकशी केली. त्यांच्यातल्या एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. मग वाटेल, वय झालं की गोवर होतच नसेल. पण नाही! 1781 मध्ये ज्यांची सुटका झाली होती, अशा म्हाताऱ्यांना 1846 मध्ये गोवर झालाच. म्हणजे फरक वयाचा नव्हता, आधीच्या भेटीचा होता. आणि मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवर नव्हताच, त्यामुळे अधूनमधून उजळणी होऊन आठवण ताजी राहिली असेल, असंही म्हणता येत नाही. मला विचाराल तर इतका नेमका प्रयोग कुणी मुद्दाम आखूनही करू शकला नसता.

पानुमला या दोन गोष्टी मिळाल्या, पण त्यांना जोडणारा दुवा त्याच्या काळी नव्हता. तो दुवा आता पाहू.

आपल्या शरीरात बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराचा पकडणारा रेणू असतो आणि दुसरीचा आकार वेगळा. कोट्यवधी वेगवेगळे आकार, त्यामुळे गोवराच्या विषाणूवर नेमक्या बसणाऱ्या पेशी मोजक्याच असतात. विषाणू पहिल्यांदा आला की त्या मोजक्या पेशींशी त्याची गाठ पडावी लागते, त्यांना टी-पेशींकडून होकार मिळावा लागतो, आणि मग त्या दुप्पट, चौपट, आठपट होऊ लागतात. अर्ध्या दिवसात एकदा दुप्पट धरलं, तरी एकाच्या हजार व्हायला पाच दिवस जातात. आलेखाच्या डाव्या बाजूला सुरुवातीची सपाट रेघ दिसते ना, ती हीच. शरीर गप्प बसलेलं नसतं, त्याची भरती चालू असते.

भरती झालेल्या काही पेशी कारखाना बनतात आणि तोच पकडणारा रेणू सुटा करून रक्तात सोडतात. तीच अँटिबॉडी. ती विषाणूला चिकटते आणि त्याला आपल्या पेशीत शिरू देत नाही. पहिला माल घाईचा असतो. त्याचं नाव आयजीएम. पकड सैल, पण एका रेणूला दहा हात, त्यामुळे चालून जातं. दरम्यान लसिका ग्रंथींमध्ये सुधारणा सुरू असते. तिथे बी-पेशी आपल्या पकडीच्या रचनेत बारीक बारीक बदल करत राहतात. ज्यांची पकड घट्ट होते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. तिथून पुढे येते आयजीजी. हात दोनच, पण पकड पक्की.

आता ते च्योर्नुविकचे दहा जण आठवा. गोवराचं पुरळ हे विषाणूने थेट केलेलं नुकसान नसतं. शरीराची फौज, त्यातही मुख्यतः टी-पेशी, त्वचेतल्या लागण झालेल्या पेशींपर्यंत पोहोचली, याची ती खूण असते. रक्तात अँटिबॉडी दिसायला लागतात त्याही साधारण त्याच सुमारास. म्हणजे 4 ते 18 जून हे चौदा दिवस मोजताना पानुम नकळत प्राथमिक प्रतिसादाला लागणारा वेळच मोजत होता. आणि तोवर विषाणू अंगभर पसरून चुकलेला होता.

मग म्हाताऱ्यांचं काय? 1781 मध्ये बनलेल्या अँटिबॉडी तर टिकलेल्या नसणार. आयजीजीचं प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं. वर्षात सतरा वेळा निम्मं केलं तर लाखातला एक भागही उरत नाही. टिकतात त्या पेशी. काही कारखाना-पेशी अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं थोडा थोडा माल काढत राहतात. आणि स्मृती-पेशी नुसत्या वाट पाहतात. त्या संख्येने जास्त, पकड आधीच सुधारलेली. विषाणू पुन्हा आला की चौदा दिवस लागत नाहीत, तीन ते पाच दिवसांत आयजीजीचा लोंढा येतो. हाच उजवीकडचा डोंगर. हा फरक प्रयोगशाळेत नीट मांडला तो 1921 मध्ये, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांचे सहकारी स्युडमर्सन यांनी, घटसर्पाच्या विषावर काम करताना. एकाच गोष्टीचं पहिलं इंजेक्शन प्राण्याला संथ जागं करतं, दुसरं झटक्यात.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. गोवराच्या विषाणूला माणसाला आजारी पाडायला दहाएक दिवस लागतात. स्मृतीला जागं व्हायला तीन ते पाच. शर्यत स्मृती जिंकते. ते म्हातारे विषाणूपासून लपून बसले नव्हते. विषाणू त्यांच्यापर्यंत पोहोचला असेल तरी त्याला पसरायला वेळच मिळाला नाही.

लस हेच करते, फक्त डावीकडचा बुटका उंचवटा आजाराशिवाय उरकून घेते. 1954 मध्ये बोस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि टॉमस पीबल्स यांनी गोवराचा विषाणू वेगळा केला. मग तो कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून माणसासाठी दुबळा केला गेला, आणि 1963 मध्ये अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. दुबळा विषाणू थोडा वाढतो, बी-पेशींची भरती होते, स्मृती तयार होते. नंतर खरा विषाणू आला की शरीराच्या लेखी ती दुसरी भेट असते.

ही शर्यत समजली की लसींच्या वेळापत्रकातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. फ्लू घ्या. त्याला आजारी पाडायला एक ते चार दिवस पुरतात, म्हणजे स्मृती जागी होईपर्यंत ताप आलेला असतो. शिवाय तो रूप बदलत राहतो. म्हणून तिथे रक्तात आधीपासून तयार अँटिबॉडी असलेल्या बऱ्या, आणि म्हणून लस दरवर्षी. धनुर्वातात तर गंमतच आहे. त्याचं विष इतक्या कमी मात्रेत जीव घेतं, की तेवढ्याने बी-पेशी धड जाग्याही होत नाहीत. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावी लागते! इथे "होऊन गेला की सुटका" हे पहिलं अर्धं वाक्यच चुकतं. आपल्याकडे 10 आणि 16 वर्षांना टीडीची सुई असते, ती रक्तातली पातळी वर ठेवायला.

गोवराचा दुसरा डोस मात्र बूस्टर नाही, असं मी म्हटलं तर बरेच जण चक्रावतील. नऊ महिन्यांच्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेल्या अँटिबॉडी कधीकधी शिल्लक असतात. त्या लसीतल्या दुबळ्या विषाणूलाच धरून निकामी करतात, आणि प्राथमिक प्रतिसाद उमटतच नाही. त्या वयात साधारण 85 टक्के बाळांमध्ये लस लागू पडते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना सोळा ते चोवीस महिन्यांचा डोस खरी पहिली भेट घडवतो. कोणतं बाळ उरलेल्यांतलं आहे हे बघून कळत नाही, म्हणून दोन्ही डोस सगळ्यांना.

आता त्या मेसेजकडे येतो. गोवर होऊ दिला तर स्मृती मिळते, हे पानुमने दाखवलंच. पण गोवराचा विषाणू ज्या पेशींमध्ये शिरून वाढतो, त्यांत स्मृती-पेशीही असतात. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. इतर आजारांविरुद्ध त्यांच्याकडे आधी असलेल्या अँटिबॉडींच्या साठ्यापैकी 11 ते 73 टक्के पुसला गेला होता. गोवराची आठवण पक्की झाली, पण न्यूमोनिया वगैरेंच्या जंतूंची आधी जमवलेली आठवण गेली, आणि ती परत मिळवायला त्या जंतूंना पुन्हा भेटावं लागतं. लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी पुसापुशी दिसली नाही.