दोन चेहरे, त्रिकोणांची यादी एकच

मनोरीच्या जेटीवरचा एक फोटो आहे असं समजा. त्यात दोन मित्र आहेत, एक ओठ मिटून हसतोय, दुसरा दात दाखवून. पायथॉनने त्यांचे चेहरे अदलाबदल करायचेत.

यातली मूळ युक्ती १९३४ सालची. रशियन गणिती बोरिस डेलोने याने बिंदू जोडून त्रिकोण पाडायचा नियम मांडला: कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू नको. त्यामुळे चिंचोळे त्रिकोण शक्यतो टळतात. चेहऱ्यावरचे बिंदू झटपट शोधायची रीत कझेमी आणि सलिव्हन यांनी २०१४ मध्ये दिली. `dlib` तीच वापरतं आणि ६८ बिंदू देतं.

गोम पुढे आहे. दोन्ही चेहऱ्यांवर डेलोने वेगवेगळं चालवलं, तर हसण्यातल्या फरकामुळे त्रिकोण जुळत नाहीत आणि तोंड फाटल्यासारखं दिसतं. म्हणून ते एकावरच चालवायचं, प्रत्येक त्रिकोणाच्या तीन बिंदूंचे क्रमांक टिपायचे आणि दुसऱ्यावर तेच वापरायचे. मग एकेक त्रिकोण ताणून दुसरीकडे बसवायचा.

फोटो एकच असल्याने आधी मूळ प्रत राखून ठेवायची:

```python
mul = img.copy()
```

दोन्ही चेहरे `mul` मधूनच उचलायचे, नाहीतर दोन्ही धडांवर एकच चेहरा येतो.

आणि हो, ६८ बिंदू भुवयांपाशी संपतात. त्यामुळे कपाळ ज्याचं त्याचंच राहतं!